‘पर्यंत’ या शब्दाबद्दल पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख,
गिरणीच्या आवारातले काचेचे ऑफिस, लोअर परळ

मॅडम, सप्रेम नमस्कार.

माझ्या भाचीला आपण दिलेले इंटर्नशिपचे ऑफर लेटर आणि प्रमाणपत्र दोन्ही वाचली. कल्पनाशक्तीला दाद द्यावीच लागेल.

ऑफर लेटरात मानधन ‘दरमहा 10,000 रुपयांपर्यंत, कामगिरीनुसार’ होते. खात्यात एकदाच 3,000 आले. तेही दहा हजारांच्या आतलेच, म्हणजे आपण शब्दाला जागलात! पूर्वी याच आवारात बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहायचा. काम मिळेल की नाही हे ठाऊक नसायचे, पण मिळाले तर त्या दिवसाची मजुरी ठरलेली असायची. आपण त्या अडाणीपणातून बाहेर आलात.

प्रमाणपत्र तर त्याहून उदार. ‘1 जून ते 31 ऑगस्ट 2025, ब्रँड स्ट्रॅटेजी विभाग.’ 1 जूनला रविवार होता, हे सोडा. मुलगी 2 जून ते 11 जुलै अशी सहा आठवडे, आठवड्यातले चार दिवस, रोज पाच तास येत होती. एकूण 120 तास. नेमके तेवढेच तिला हवे होते, कारण ऑन जॉब ट्रेनिंगच्या एका श्रेयांकाला 30 तास धरतात आणि तिला चार श्रेयांक मिळवायचे होते. आपल्या औदार्यामुळे कॉलेजने विचारले, ‘ऑगस्टमध्ये तू वर्गात हजर होतीस, मग ऑफिसात कोण होते?’ हजेरीची वही आणि प्रमाणपत्र जुळेनात, आणि श्रेयांक अडकले.

आता ‘स्ट्रॅटेजी’. तिने लालबाग, परळ, दादरच्या गणेश मंडळांना फोन करून कमानींवरच्या जाहिरातींचे दर विचारले, एक्सेलमध्ये भरले आणि फोन न उचलणाऱ्या कार्यकर्त्यांना पुन्हा गाठले. गणपतीच्या दोन महिने आधी मंडळाच्या खजिनदाराकडून दर काढून घेणे! ते ज्याला जमले, त्याला कुठलाही विक्री विभाग घेईल. पण नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारले, ‘कोणती स्ट्रॅटेजी आखलीत?’ ती गप्प. मग कमानींचे सांगितले तेव्हा कुठे समोरचे सरसावून बसले.

तेव्हा कृपया नवे प्रमाणपत्र द्यावे. मसुदा मीच करून देतो:

‘यांनी 2 जून ते 11 जुलै 2025 या काळात आठवड्याला 20 तास, एकूण 120 तास, आमच्या ऑफिसात काम केले. मुंबईतील गणेश मंडळांकडून जाहिरातींचे दर मिळवणे व त्यांची एक्सेलमध्ये नोंद ठेवणे, हे काम होते. मानधन एकरकमी 3,000 रुपये, बँक खात्यात जमा.’

खाली सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि खरी तारीख हवी. मानधनाचा आकडा लिहायला लाज वाटत असेल, तर आकडा बदला. वाक्य तेच राहू द्या. आणि पुढच्या ऑफर लेटरातून ‘पर्यंत’ तेवढा काढून टाका. किमान किती देणार, कोणत्या तारखेला देणार, एवढेच लिहा.

आपला,
एक मामा, गिरगाव