निवांत कॉलर

विशेषणांवर आपली हुकमत आहे अशी माझी एक जुनी, महाविद्यालयीन पारितोषिकांवर पोसलेली समजूत आहे. त्यामुळे अंधेरीच्या एका कपडे-निर्यातीच्या कचेरीत मर्चंडायझिंगचा उमेदवार म्हणून रुजू झाल्यावर जेव्हा पहिला टेक पॅक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा आपल्या लेखणीस साजेसे क्षेत्र अखेर लाभले याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. वस्तू साधी होती: पुरुषांचा, पूर्ण बाह्यांचा, लिनन आणि सुताच्या मिश्र कापडाचा आणि शिवून झाल्यावर धुऊन मऊ करावयाचा शर्ट. मी ‘सुबक कॉलर’, ‘माफक लांबी’, ‘नाजूक शिलाई’ अशी शब्दकळा मोठ्या निगुतीने मांडली. आमच्या मॅडमनी कागद शांतपणे वाचला, प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढली आणि प्रत्येक रेघेपुढे एकच शेरा मारला: “किती?”

शेरा रास्त होता, आणि म्हणूनच तो झोंबला. ज्याच्या हाती कात्री असते त्यास कापड ‘माफक’ कापता येत नाही. त्यास आकडा लागतो, आणि तो आकडा किती चुकला तर चालेल याचीही लेखी मुभा लागते. तेव्हा नाजूक शिलाईचे ‘इंचाला 12 टाके’ झाले, सुंदर गुंडी ‘18 लाइन’ म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर व्यासाची ठरली, आणि माफक लांबी मधल्या मापास 30 इंच, अर्धा इंच कमी-जास्त, अशी कायम झाली. प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी ‘तयार करणार’ या मजकुरापुढे माझे नाव छापून येत होते, एवढाच काय तो साहित्यिक दिलासा.

परंतु 30 इंच लिहिले की कर्तव्य संपले असे ज्यास वाटते, त्याने जमिनीची सरकारी मोजणी कधी पाहिलेली नसावी. आमच्या तालुक्यात बांधावरून पिढ्यानपिढ्या दाव्यात गेलेली घराणी आहेत. त्यांचा तंटा बहुधा क्षेत्रफळाचा नसतो, मोजणीदाराने माप कोणत्या दगडापासून धरावे एवढ्याचाच असतो, आणि त्या दगडासाठी पंचनामे होतात, नकाशांच्या नकला काढल्या जातात, म्हातारे साक्षीदार खाटेसह कचेरीत आणले जातात. शर्टाच्या लांबीचाही असाच एक दगड आहे. त्यास खांद्याचा सर्वोच्च बिंदू म्हणतात: शर्ट मेजावर सपाट पसरला असता गळ्याच्या कडेला, खांद्याच्या घडीवर जो येतो, तो. आता गोम अशी की पुरुषांच्या शर्टाच्या पाठीवरील जोडपट्टा, ज्यास योक म्हणतात, तो बहुधा या घडीवर थांबतच नाही. शेजाऱ्याच्या शेतात नांगर घालावा तसा तो खांदा ओलांडून इंचभर पुढे छातीच्या हद्दीत उतरतो, आणि शिलाई पडते ती तेथे. शिलाई डोळ्यास दिसते; घडी दिसत नाही. परिणामी शिलाईपासून टेप धरणारा इसम आणि घडीपासून टेप धरणारा इसम एकाच शर्टाची लांबी इंचभराच्या फरकाने सांगतात, दोघेही शपथेवर खरे बोलत असतात, आणि मुभा तर अवघ्या अर्ध्या इंचाची असते. या बिंदूचे स्थान, स्वरूप आणि त्याविषयीचे प्रचलित गैरसमज यांवर मी दीड पान लिहिले होते. मॅडमनी ते दीड पान काढून टाकले आणि चित्रावर एक बाण काढला. बाण अधिक स्पष्ट होता, हे मी येथे प्रथमच आणि अनिच्छेने नमूद करतो.

दुसरा तंटा पाण्याचा. कापडावर 50 सेंटिमीटरचा चौरस आखून ते धुतले, तेव्हा उभ्या दिशेने तो साडेअठ्ठेचाळीसच भरला. म्हणजे शंभरास तीन आटला. धुतल्यानंतर 30 इंच हवे असतील तर कागदी साचा जवळजवळ 31 इंचांचा धरावा लागतो, आणि म्हणून मापांच्या तक्त्यात ‘धुण्यापूर्वी’ आणि ‘धुतल्यानंतर’ असे दोन रकाने ठेवावे लागतात. धुतलेला शर्ट लांबीत आखूड भरला पण छातीत बरोबर राहिला, तर प्रथम संशय मास्तरांच्या कात्रीवर न घेता उभ्या धाग्यावर घ्यावा. मागावर ताणून धरलेला तो धागा पाणी लागताच आपला ताण सोडतो.

नमुन्यांच्या पाठपुराव्याचा तक्ता हे माझे दुसरे दप्तर. त्यात प्रोटो, फिट, साइझ सेट आणि प्रत्यक्ष उत्पादनापूर्वीचा पीपी, अशा प्रत्येक पायरीची एक ओळ. पाठवावयाची तारीख, पाठविल्याची तारीख, कुरिअरचा क्रमांक, ग्राहकाचा शेरा आल्याची तारीख आणि निकाल. यातील एक दंडक मला फार आवडतो: ठरलेली मूळ तारीख कधीही खोडावयाची नाही, नवी तारीख शेजारच्या रकान्यात लिहावयाची, म्हणजे दिरंगाई कोठे झाली हे पुसले जात नाही. तरीही मुदत टळलेली ओळ लाल होते ती आमच्याच नावे. ग्राहकाने नमुना आठवडाभर कपाटात ठेवला म्हणून साइझ सेट अडला, तरी जहाजाची तारीख जागची हलत नाही. तो आठवडा शिलाई विभागाच्या रात्रींतून वसूल होतो. नमुना शिवणारे कारागीर रात्री उशिरापर्यंत मशिनवर वाकलेले पाहून आल्यावर तो लाल रंग पाहणे मला जड जाई, आणि ‘शेऱ्याच्या प्रतीक्षेत’ हे सभ्य शब्द टंकताना बोटे कळांवर नको तितक्या जोराने आपटत.

अशात फिट नमुन्यावर ग्राहकाचा शेरा आला. मापे सगळी मंजूर होती. खाली एकच ओळ: कॉलर जरा निवांत दिसावी. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. ज्या विशेषणांसाठी माझी कानउघाडणी झाली, त्याच जातीचे एक विशेषण परदेशातून सन्मानाने येते आणि त्यास “किती?” असे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नसते, हे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर बसलेल्यास विशेषणे, खाली बसलेल्यास आकडे, अशी ही वतनदारी आहे.

मास्तर मात्र बिलकूल चिडले नाहीत. त्यांनी कॉलर दोन बोटांत धरून वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. “ही निजत नाही,” ते म्हणाले, “बुकरम कडक आहे. आणि खालची पट्टी मानेला टेकते.” आतले चिकट बुकरम काढून त्यांनी हलके घातले, आणि गळपट्टीची उंची सव्वा इंच एक सूत होती ती सव्वा इंचावर आणली; वरचे पान तसेच ठेवले, नाहीतर मागून पट्टी उघडी पडली असती. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेवढ्याने कॉलर निजली.

नवा नमुना मंजूर झाला. टेक पॅकमध्ये मी गळपट्टीचे नवे माप आणि बुकरमची नवी जात भरली, आणि तळाशी, ‘तयार करणार’ या मजकुरापुढे, नेहमीप्रमाणे माझे नाव उमटले. ते पाहून मला जे वाटले ते मी मास्तरांना थोडे अलंकारिक करून सांगितले. श्रेय वस्तुतः त्यांचे आहे, कागद मात्र माझ्या नावाने बोलतो, वगैरे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“नाव कुणाचं पण असू दे, साहेब,” ते म्हणाले, “तेवढी वरची तारीख बदला. जुना कागद अजून कटिंगच्या टेबलावर पडलाय.”