वीस रुपयांची कादंबरी

आमच्या घराण्याच्या तीन पिढ्यांवर कादंबरी लिहायची असं मी जाहीर केलं आणि घरातले सगळे माझ्याशी शुद्ध बोलायला लागले. ज्या काकांनी जन्मभर ‘काय करू ऱ्हायला रे?’ याखेरीज माझी चौकशी केली नाही, ते फोनवर ‘लेखन कुठवर आलं आहे?’ असं विचारू लागले. लेखकाचं याहून मोठं नुकसान नाही. भांडणं छापा, वाटण्या छापा, कोणाची हरकत नसते. आपण जसे बोलतो तसे छापलेले मात्र कोणालाच बघवत नाहीत. ‘मी असं कुठं बोलतो?’ हे वाक्य काका जसं बोलतात, तसंच मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

कादंबऱ्या वाचणारा एक मित्र म्हणाला, सोपं आहे, प्रत्येकाला एकेक पालुपद दे. एकानं ‘काय समजलात’ म्हणायचं, दुसऱ्यानं ‘देवाची कृपा’. हा उपाय दोन पानं चालतो. तिसऱ्या पानापासून घरात माणसं राहत नाहीत, पोपट राहतात. शिवाय पालुपद कोणाच्याही तोंडी चिकटवता येतं, आणि जे कोणालाही चिकटतं ते कोणाचंच नसतं. माझी कसोटी वेगळी आहे. संवादातली नावं बोटानं झाकायची आणि वाचायचं. कोण बोलतंय हे कळलं नाही, तर तो संवाद पुन्हा लिहायचा.

बोलणं ठरतं ते माणूस कुठे शिकला आणि कुठे राबला यावरून. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले आणि महसूल कचेरीत लागले. ते जेवायला बसत नसत, ‘रुजू’ होत. भाजीत मीठ कमी पडलं तर आजीपुढे ‘दरखास्त’ येई. वर्षं ते फसलीत सांगत. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य बदललं, पण आजोबांचं कॅलेंडर काही शरण गेलं नाही. काका वाळूजच्या कारखान्यात. पुतण्याला स्थळाकडून नकार आला, तर ते ‘पीस रिजेक्ट झाला’ म्हणतात. काकू काकांशी थेट बोलतच नाहीत. ‘सांग तुझ्या बाबांना, गिरणीतून दळण आणायचंय’ हे वाक्य मुलीला उद्देशून असतं, मुलगी पुण्याला असली तरी. ती मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, हिंजवडीत नोकरी करते. ती रागावली की मोबाइलवर ‘ओके.’ लिहिते. तो पूर्णविराम फार वाईट असतो.

याहून बारीक खूण म्हणजे एकाच माणसाला कोण काय म्हणतं. आजोबांची बहीण शेवगावला दिलेली. आजोबांना ती ‘आक्का’, काकांना ‘आत्या’, काकूंना ‘शेवगावची मंडळी’, बहिणीला ‘त्या कोणीतरी’. आजी पूर्वी तिला ‘वन्सं’ म्हणायची. एका विशिष्ट तारखेनंतर ती तिला काहीच म्हणेनाशी झाली. तिच्या वाक्यात तिथे नुसती जागा असते : ‘…आल्या होत्या का?’ त्या रिकाम्या जागेपासून मला कादंबरी सापडली.

आता अढी. लिहिणारे बहुतेक वेळा इथे ढोबळपणा करतात : ‘दोन भावांत वैर होतं’. वैराला वस्तू लागते आणि आकडा लागतो. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तल्या देशपांड्यांकडे गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे आणि दागिने आहेत, त्या वस्तूंभोवती माणसं एकमेकांना ओळखू येतात. ते नाटक रंगमंचावर आलं १९८५ साली. पुढे १९९४ मध्ये आपल्या शहरातून मुंबईला गेलेल्या चंद्रकांत कुलकर्णींनी त्याचे तिन्ही भाग सलग बसवले. आमच्याकडे ट्रॅक्टर नाही. पैठणी आहे, म्हणजे होती.

आजीच्या लग्नात, १३५५ फसलीत, ती १४० रुपयांना घेतली होती. वर्षभरात आक्कांनी ती सासरच्या एका लग्नात नेसायला नेली. तिथे ठिणगी पडून ती जळाली, वाचला फक्त पदर. आक्कांच्या सासऱ्यांनी पदर पेटीत घालून परत पाठवला आणि सोबत किंमत म्हणून १२० रुपये. आजीच्या लेखी शेवगावनं वीस रुपये खाल्ले. साडीचं दुःख ती विसरली, वीस रुपये नाही विसरली.

खरं तर कोणी काही खाल्लं नव्हतं. गोदावरीच्या अलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले, पलीकडे नगर जिल्हा इंग्रजांचा, तिथे कलदार रुपया. साधारण सात हालीचे सहा कलदार. १४० हालीचे बरोबर १२० होतात. सासऱ्यांनी इमानानं पूर्ण पैसे पाठवले, फक्त नदीपलीकडच्या नाण्यात. आजीला मोजणी येत होती, हुंडणावळ येत नव्हती.

आणि हे आजोबांना ठाऊक होतं! त्यांच्या जुन्या वहीतलं उर्दू पान मी शहागंजच्या एका निवृत्त मास्तरांकडून वाचून घेतलं. वर हा हिशेब, खाली एकच शब्द : बेबाक. देणं संपलं. मग बायकोला सांगितलं का नाही? माझा अंदाज असा की सांगितलं असतं तर ते बहिणीचे वकील ठरले असते, आणि घरातला मुकदमा हरला तरी चालतो, पण वकिली पत्करायची नसते, हे महसुलातल्या माणसाला कळतं. कादंबरीकाराला मात्र हे गप्प बसणं म्हणजे मोठी सोय. घरात एकाला खरं माहीत असावं आणि त्यानंच तोंड उघडू नये. मग अढी पिढ्यान्‌पिढ्या चालते.

ती पुढे मात्र तशीच जात नाही, तिचं गिऱ्हाईक बदलतं. सिडकोत घर घेताना काकांना वीस हजार कमी पडले. आजोबा म्हणाले, शेवगावला विचार. आजी म्हणाली, ‘वीस तर त्यांच्याकडंच हायेत, मागायचे कामून?’ काकांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. त्यांची अढी शेवगाववर नाही, आईवर आहे. ते तसं बोलू शकत नाहीत, म्हणून व्याजाचा विषय निघाला की ‘सगळी सिस्टिमच बेकार’ म्हणतात. चुलत बहिणीनं त्या मूळ वीस रुपयांवर सहा टक्के चक्रवाढ लावून पाहिलं, आजवरचे अडीच हजारसुद्धा होत नाहीत. ती हसली. पण तो वाचलेला पदर आजीनं माझ्या बायकोला, नातसुनेला दिला, नातीला दिला नाही, यावर ती हसलेली नाही. तेव्हापासून मला ‘ओके.’ येतं. वस्तू तीच, घर तेच. भांडण आजीचं पैशाचं, काकांचं आईचं, बहिणीचं वारशाचं.

आजी आता नव्वदीच्या पुढे आहे आणि कान शाबूत आहेत. शेवगावकडच्या मंडळींपैकी कोणी हे वाचलंच, तर हाली-कलदारचा हिशेब समजवायला कृपा करून इकडे येऊ नये. तिसरा भाग लिहून व्हायचा आहे, आणि तोवर ते वीस रुपये तुमच्याकडे बाकी असलेलेच बरे.