यावे, यावी, यावेत

इलाइट चौराह्याजवळच्या टायपिंगच्या दुकानात भाषांतराचा दर पानावर असतो. शब्दावर नाही, डोकेदुखीवर तर नाहीच. माझ्या तक्रारीचं मूळ या दरात आहे.

झाशीतल्या मराठी माणसाला आपलं म्हणणं इंग्रजीत नेण्याचा ताप जुनाच आहे. १८५४ साली राणीसाहेबांनी त्यासाठी जॉन लँग नावाचा वकील बोलावला होता. आमच्या शेजारच्या काकूंना मी मिळालो. काकू महाराष्ट्रातून निवृत्त झालेल्या शिक्षिका, आता इथे मुलाकडे राहतात. त्यांच्या हातात मराठी परिपत्रक होतं आणि इथल्या एका कार्यालयाला ते इंग्रजीत हवं होतं.

खरं तर तिथल्या बाबूंनी आधी ते स्वतःच वाचून पाहिलं. लिपी देवनागरी, म्हणजे भाषा आपलीच, असा त्यांचा समज. ‘संबंधित यंत्रणेकडे’ या शब्दांशी ते थबकले. हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. पेन्शनरांना महाराष्ट्र सरकार नेमकं कुठे पाठवतंय, हे त्यांनी काकूंना हलक्या आवाजात विचारलं. परिपत्रकात कुठे ‘राजीनामा’ नव्हता हे नशीब. हिंदीत त्याचा अर्थ आपसातली तडजोड.

तर वाक्य असं होतं: ‘निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले विहित मुदतीत संबंधित यंत्रणेकडे सादर करण्यात यावेत, अन्यथा डिसेंबरपासूनचे निवृत्तिवेतन स्थगित ठेवण्याबाबत कार्यवाही करण्यात येईल.’

या वाक्यात एकही माणूस काही करत नाही. दाखले सादर करण्यात यावेत, पण कोणी? कार्यवाही करण्यात येईल, ती कोणाकडून? मराठीला कर्ता गिळून पुढे जाता येतं. सरळ इंग्रजीला मात्र तो लागतो, म्हणून भाषांतरकाराने पोलिसासारखा त्याचा माग काढायचा. मी परिपत्रक उलटं वाचत गेलो. विहित मुदत दुसऱ्या परिच्छेदात सापडली: ३० नोव्हेंबर. यंत्रणा म्हणजे पेन्शन जमा होते ती बँक, हे पहिल्याच परिच्छेदात होतं. पेन्शन थांबवणारं कोषागार मात्र शेवटी, ‘प्रत’ या मथळ्याखालच्या यादीत लपलेलं. तिथे एकट्याच कोषागाराच्या नावापुढे कंसात ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’ असं लिहिलं होतं.

मग मी लिहिलं: ‘पेन्शनर्स मस्ट गिव्ह देअर लाइफ सर्टिफिकेट टू द बँक बाय ३० नोव्हेंबर. इफ दे डू नॉट, द ट्रेझरी विल विदहोल्ड द पेन्शन फ्रॉम डिसेंबर.’

‘यावेत’ला मी ‘शुड’ लावलं नाही. ‘शुड’ म्हणजे दिलात तर बरं. इथे न दिल्यास पैसे अडकतात, म्हणून ‘मस्ट’. ‘स्थगित’ला ‘कॅन्सल’ही केलं नाही. अडवलेली पेन्शन दाखला दिल्यावर मागच्या थकबाकीसह मिळते, रद्द झालेली मिळत नाही. आणि ‘कार्यवाही’ म्हणजे काम पुढे नेणं. ती ‘कारवाई’ नव्हे, काकूंनी काही गुन्हा केलेला नाही. ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘याद्वारे’ यांना मी रजा दिली. क्रमांक, दिनांक आणि नियमाचं नाव यांना मात्र हात लावला नाही. झेरॉक्समध्ये १ आणि ९ सारखेच दिसत होते, म्हणून काकूंकडून मूळ प्रत मागवून एकेक आकडा ताडून घेतला.

दोन पानांचं परिपत्रक पाऊण पानात आलं. दुकानदाराने एका पानाचे पैसे लावले, त्यातले निम्मे माझे. म्हणजे भाषांतर जितकं स्वच्छ, तितकी माझी कमाई कमी.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. बाबूंचं म्हणणं, “इसमें कुछ छूट गया है. ये सरकारी लगता ही नहीं.” समजलं की नाही, असं मी विचारलं. समजलं होतं, पूर्ण समजलं होतं. संशय त्याचाच होता.

त्यांचं मला फारसं नवल वाटलं नाही. आपली शासकीय मराठी बरीचशी इंग्रजी दप्तराच्या साच्यातूनच आलेली. ‘बाब शासनाच्या विचाराधीन होती’ यामागचा ‘अंडर कन्सिडरेशन’ अजून ऐकू येतो. मी ती परत इंग्रजीत नेतो, तेव्हा लोकांना जुना साहेबच भेटायला हवा असतो.

म्हणून मी तीन ‘हिअरबाय’ घातले, दोन ‘अफोरसेड’ घातले आणि ‘द कन्सर्न्ड एजन्सी’ला तिच्या जागी परत बसवलं. बँक कुठली, हे आता इंग्रजीतही कळत नाही.

कागद लगेच स्वीकारला गेला. दोन पानं भरली होती. पैसेही दोन पानांचेच मिळाले.