टँकर, टाकी आणि तीन शून्यं

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास येतात, आंब्याच्या पेट्या आणि पाण्याचे टँकर. आंबे आम्ही मोजून घेतो. डझनात एक कमी निघाला तर त्याचा पंचनामा जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो. टँकर मात्र त्याच्या पाठीवर ‘10,000 लिटर’ लिहिलंय एवढ्यावरच घेतो. पाठीवर ‘आईचा आशीर्वाद’ असंही लिहिलेलं असतं, आणि आमचा दोन्हींवर सारखाच विश्वास.

यंदा पाण्याचं बिल वाढलं तेव्हा सभा भरली. टाकीत मुळात मावतं किती, असा प्रश्न कुणीतरी विचारला आणि चेअरमनसाहेबांनी लगेच खडू घेतला. जमिनीखालची टाकी नुकतीच साफ करून घेतली होती, त्यामुळे मापं ताजी होती. लांबी 4 मीटर, रुंदी अडीच मीटर, खोली 2 मीटर. साहेबांनी फळ्यावर गुणाकार केला, उत्तर आलं 20 घनमीटर. इथवर ठीक होतं. मग म्हणाले, “मीटरमध्ये शंभर सेंटिमीटर असतात, म्हणजे वीस गुणिले शंभर. आपली टाकी दोन हजार लिटरची.”

सभेनं मान डोलावली. आपल्याकडे फळ्यावर लिहिलेल्याला विरोध करायची पद्धत नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “अहो, मग दहा हजारांचा टँकर त्यात रिकामा होतो कसा? टाकी आहे की द्रौपदीची थाळी?”

काकूंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. मीटरचे शंभर सेंटिमीटर होतात ते लांबीत. घनमीटर म्हणजे मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि मीटरभर उंच असा ठोकळा. त्यात शंभर तीनदा येतात. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर म्हणजे 10 लाख घनसेंटिमीटर. एक लिटर म्हणजे 1000 घनसेंटिमीटर, म्हणजे दहा-दहा सेंटिमीटरच्या खोक्यात मावेल तेवढं पाणी. दहा लाखांना हजारानं भागलं की घनमीटरमागे 1000 लिटर. म्हणजे आमची टाकी दोन हजारांची नव्हे, वीस हजारांची. चेअरमनसाहेबांनी फळ्यावर एक शून्य वाढवलं, तेही एखादी देणगी जाहीर करावी अशा थाटात.

घनमीटरच्या वाटेला जायचंच नसेल तर त्याहून सोपा रस्ता आहे. तिन्ही मापं आधीच सेंटिमीटरमध्ये घ्यायची. 400 गुणिले 250 गुणिले 200 म्हणजे 2 कोटी घनसेंटिमीटर. उजवीकडची तीन शून्यं उडवली की लिटर. ती न उडवता तसंच वाचलं तर ते मिलिलिटर, कारण एक घनसेंटिमीटर म्हणजेच एक मिलिलिटर. डॉक्टर ‘पाच सीसी’ म्हणतात आणि औषधाच्या बाटलीवर ‘5 मिलि’ छापतात, ते एकच. शंभर सीसीची मोटारसायकल म्हणजेही सिलिंडरमध्ये दट्ट्या सरकतो ती जागा साधारण शंभर मिलिलिटरची. एवढ्याशा जागेच्या जिवावर माणसं तिघं बसून घाट चढतात.

तरी या बरोबरीलाही एकेकाळी खोट होती. 1901 साली लिटरची व्याख्या पाण्याच्या वजनावरून केली गेली. एक किलो शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापतं तो लिटर. नंतर काटेकोर मोजलं तर तो हजार घनसेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा निघाला, 1000.028. अखेर 1964 मध्ये ती व्याख्या रद्द झाली आणि लिटर म्हणजे बरोबर हजार घनसेंटिमीटर ठरलं. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये हा फरक जेमतेम 280 मिलिलिटर. टँकरवाल्याकडून याहून बरंच जास्त गळतं, तेव्हा आपण 1964 च्या अलीकडेच राहावं.

आता मूळ मुद्दा, टँकर खरंच दहा हजारांचा आहे का? टँकरच मोजावा असं सेक्रेटरींच्या मनात आलं, पण टँकरचं पोट लंबगोल. तिथे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची लावली तर कोपऱ्यांत नसलेलंही पाणी मोजलं जातं आणि फायदा टँकरवाल्याचा होतो. आपली टाकी चौकोनी आहे, तेव्हा मोजायची तीच.

तळाचं क्षेत्रफळ 400 गुणिले 250, म्हणजे एक लाख चौरस सेंटिमीटर. पाणी एक सेंटिमीटर चढलं की एक लाख घनसेंटिमीटर, म्हणजे शंभर लिटर. दहा हजारांचा टँकर रिकामा झाला की पाणी बरोबर शंभर सेंटिमीटर चढायला हवं. सेक्रेटरींनी कोरडी काठी टाकीत तळापर्यंत उभी सोडली, ओल्या खुणेवर खडूनं रेघ मारली आणि टँकर संपल्यावर पुन्हा काठी सोडली. पाणी 86 सेंटिमीटर चढलं होतं. म्हणजे 8,600 लिटर.

ड्रायव्हर जराही डगमगला नाही. “साहेब, तुमची मोटर चालू होती. वर चढलं ते कुणाच्या हिशोबात?”

मोटर खरंच चालू होती. इकडे टँकर ओतत होता आणि तिकडे पंप गच्चीवरच्या टाक्या भरत होता. काठीला त्यातलं काही कळत नाही, ती जेवढं उरलं तेवढंच सांगते. पुढच्या टँकरला मोटर बंद केली, महापालिकेच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद केला, पाइप काढल्यावर लाटा निवेपर्यंत थांबलो आणि मगच काठी सोडली. 97 सेंटिमीटर. टाकीच्या मधोमध 30 बाय 30 चा एक खांब आहे. तो दर सेंटिमीटरला 900 घनसेंटिमीटर जागा खातो, म्हणजे पाऊण लिटरहून थोडं जास्त. तो वजा केला तर साधारण 9,600 लिटर. काठीची खूण एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तर शंभर लिटरचा फरक पडतो, त्यामुळे शंभर-दोनशे लिटरवरून भांडण्यात अर्थ नाही. चारशे लिटरवरून मात्र चेअरमनसाहेब मन लावून भांडले आणि पैसे कमी करून घेतले.

वीस हजारांची टाकी म्हणून फार फुशारकीही मारू नये. ओव्हरफ्लोचा पाइप छतापासून 20 सेंटिमीटर खाली आहे, तेवढी उंची कधीच भरत नाही. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून 15 सेंटिमीटर वर आहे, त्याखालचं पाणी कधी वर चढत नाही. मधे उरले 165 सेंटिमीटर, म्हणजे हाताशी येणारं पाणी 16,500 लिटर, त्यातूनही खांबाचे दीडशे वजा. आणि मापं आतली हवीत. आमच्या एका हौशी सभासदानं भिंतींसकट बाहेरून टेप लावला होता, 430 बाय 280. त्याच खोलीला त्याच्या हिशोबानं 24,080 लिटर भरले, म्हणजे चार हजार लिटर सिमेंट आम्ही पिणार होतो.

तुमच्याही सोसायटीची टाकी पुढच्या वेळी साफ होईल तेव्हा आतली लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या. त्यांचा गुणाकार करून हजारानं भागा. जो आकडा येईल तो ‘एका सेंटिमीटरला इतके लिटर’ असा झाकणाशेजारी ऑइलपेंटनं लिहून ठेवा, आणि टँकर आला की आधी मोटर बंद करा.