बापूंची दुसरी पट्टी

बापू रोज सकाळी साखर तपासतात. आकडा १२०च्या आत आला की यंत्र लगेच कपाटात जातं. १८०च्या पुढे गेला की बापू यंत्राकडे संशयानं बघतात, हात पुन्हा धुतात आणि दुसरी पट्टी काढतात. "पहिल्या पट्टीला दमट हवा लागली असणार." चांगल्या आकड्याला कधीच दमट हवा लागत नाही.

ही खोड एकट्या बापूंची नाही. १९९२ साली डिटो आणि लोपेझ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना थुंकीत बुडवायच्या कागदी पट्ट्या दिल्या होत्या. पट्टीचा रंग बदलायचाच नव्हता. ज्यांना न बदललेला रंग म्हणजे प्रकृतीला धोका असं सांगितलं होतं, ते जास्त वेळ वाट बघत बसले आणि पट्टी पुन्हा पुन्हा बुडवत राहिले. बापूंना हे ऐकवलं, तर म्हणाले, "पोरंच ती!"

बापू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आता सांगलीत असतात. टीएमसी, क्युसेक त्यांच्या जिभेवर. देवेंद्र फडणवीस त्यांना घरच्या माणसासारखे. त्यांचे साडू साताऱ्याचे, आणि ते शरद पवारांचे. दोघांचा सलोखा उत्तम, फक्त पावसाळ्यात बिघडतो.

ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. मुंबईत फडणवीस मुख्यमंत्री. बापूंच्या तळमजल्यात पाणी, बापू माडीवर, हातात वही. वहीत लिहिलेलं: "आभाळ फाटलं. कोयना रिकामी ठेवली असती आणि पाऊस दडी मारून बसला असता, तर वीज अन् शेती कुणी सांभाळायची? अलमट्टीचा फुगवटा सांगलीपर्यंत येत नाही." साताऱ्याहून साडूंचा फोन: "सरकार झोपलं होतं! कोयनेतनं पाणी आधी का नाही सोडलं? अलमट्टीचे दरवाजे उघडायला का नाही लावले?"

सरकारनं वडनेरे समिती नेमली. २०२०मध्ये अहवाल आला: २०१९च्या पुराचा दोष अलमट्टीवर टाकता येत नाही. बापूंनी तांबड्या शाईनं रेघा मारल्या. साडू म्हणाले, "फडणवीसांनी नेमलेली समिती, ती दुसरं काय म्हणणार?"

जुलै २०२१मध्ये कृष्णा पुन्हा चढली. महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आता मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, जलसंपदा खातं इस्लामपूरच्या जयंत पाटलांकडे. या खेपेला साडूंनी फोन केला तो शांत आवाजात. "बापू, आभाळच फाटलं. एका दिवसात एवढा पाऊस पडल्यावर कुठलं सरकार काय करणार? अन् अलमट्टीचं म्हणाल, तर वडनेरेंनी सांगितलंच आहे की." "वडनेरे?" बापू गरजले. "तो अहवाल ठाकरे सरकारकडं गेलेला. त्याला काय अर्थ आहे? कोयनेतनं पाणी आधी का नाही सोडलं ते सांगा!"

दोघांनी एकमेकांची वाक्यं अशी सहज उचलली, जणू गणपतीत शेजाऱ्याकडून ताटं आणावीत.

दोघांतला कुणीच खोटं बोलत नव्हता, हीच खरी अडचण. धरण आधी रिकामं करण्यात जोखीम असते, हे खरं. पाणी सोडायची वेळ चुकू शकते, हेही खरं. कुठलं खरं कधी बाहेर काढायचं, ते मात्र मुंबईतली खुर्ची ठरवत होती. बापू अडाणी असते तर एकदा तरी हरले असते. पण तीस वर्षांच्या नोकरीनं त्यांना सतत नवे मुद्दे पुरवले. ज्ञानानं बापूंचा न्यायाधीश झाला नाही, पण वकील मात्र नामांकित झाला.

मला एकदा वात्रटपणा सुचला. २०२१चा पूर ओसरल्यावर मी बापूंच्या जुन्या वहीतलं ते पान, साल न सांगता, मोबाइलवरून वाचून दाखवलं. म्हटलं, कुणीतरी पाठवलंय.

"कुठल्या चमच्यानं लिहिलंय हे?" बापू उसळले. "आभाळ फाटलं म्हणे! यास्नी हवामान खात्याचा अंदाज वाचता येत नाही? फुगवट्याच्या तर निव्वळ थापा मारायला लागलाय!" पंधरा मिनिटं त्यांनी त्या लेखकाची सालटी काढली, आणि मुद्दे चोख होते.

मग मी वही पुढे ठेवली. अक्षर ओळखून बापू गप्प झाले. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता पट्टीचा रंग बदलला.

"ते २०१९चं आहे," बापू म्हणाले. "तवाची परिस्थिती वेगळी होती."

हसू नका. ही गंमत मी साडूंवर अजून केलेली नाही, कारण २०२१मध्ये मला साडूंचंच पटलं होतं आणि २०१९मध्येही साडूंचंच.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५. एवढं मात्र दोघांनाही, कुणाचंही सरकार असो, मान्य आहे.