उतू गेलेलं सोयाबीन

धामणगाव रेल्वेत सोयाबीन हा बोलायचा विषय आहे, खायचा नव्हे. जूनमध्ये पेरणी झाली की पाऊस किती पडला, पिवळा मोझॅक आला का, काढणीनंतर ओलावा किती निघाला, बाजार समितीत आज काय भाव निघाला, यावर आमची माणसं चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलतील. पण त्यातला एक दाणा कुणी शिजवून तोंडात टाकेल तर शपथ. आमचं सोयाबीन ट्रकात बसून तेलाच्या कारखान्यात जातं, तिथे तेल काढून घेतात, उरलेल्याचं पीठ करतात, ते पीठ उष्णता आणि दाब देऊन यंत्राच्या भोकांतून बाहेर ढकलतात, की ते फसकन फुगतं. आणि त्याच वड्या छापील पाकिटात बसून आमच्याच किराणा दुकानात परत येतात. सोयाबीन पेरणारा मी ते पाकीट रोख पैसे देऊन विकत घेतो. शेती मला का परवडत नाही, हे यावरून कळावं.

तर डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा दाखवून तळलेलं बंद करा, डाळी-कडधान्यं वाढवा, सोयाबीन खा, असं सांगितलं. पाकिटावर वाचलं तर 100 ग्रॅममध्ये 52 ग्रॅम प्रथिनं! मी हिशेब मांडला, बायको माहेरी गेलेली होती म्हणून कुणी अडवायला नव्हतं, आणि सगळं पाकीट एका गंजात ओतून वर उकळतं पाणी टाकलं. वड्या फुगल्या. गंज भरला, झाकण उचललं गेलं, अर्ध्या वड्या पातेल्यात काढल्या तर पातेलं भरलं, उरलेल्या परातीत काढल्या, आणि तरी त्या फुगतच होत्या. सुकी वडी आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी पिते, आणि ते 52 ग्रॅम सुक्या वडीचे असतात, भिजलेल्या 100 ग्रॅममध्ये जेमतेम पंधरा-सतरा उरतात, हे मला परात भरल्यावर कळलं. एका माणसाला पंचवीस-तीस ग्रॅम सुक्या वड्या पुष्कळ होतात. शिवाय भिजल्यावर त्या दोनदा पाण्यातून काढून दोन्ही तळव्यांत दाबून घट्ट पिळायच्या असतात, म्हणजे तो उग्र वास आणि फेस निघून जातो नि मसाला आत शिरतो, हेही मला माहीत नव्हतं. मी न पिळताच रश्शात सोडल्या. प्रत्येक घासाला तोंडात गरम पाण्याची पिचकारी उडायची.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी टोफूकडे वळलो.

घरचं सोयाबीन असताना पनीरसारखी ही वस्तू विकत कशाला आणायची, असा माझा स्वाभिमानी विचार होता. कोठीत एका पिशवीत दाणे दिसलेही, छान गुलाबी. तेवढ्यात परतलेली बायको ओरडली, "अहो, ते बियाणं आहे! औषध लावलंय त्याला!" बुरशीनाशक चोळलेलं बियाणं ओळखू यावं म्हणूनच त्याला रंग देतात. मला तो दाण्यांचा गुण वाटला होता.

मग पोत्यातले साधे पिवळे दाणे पाव किलो घेतले, रात्रभर भिजत घातले, सकाळी ते दुपटीहून जास्त झाले. इथवर सगळं बरोबर. पुढे गार पाण्यात मिक्सरवर वाटले, आणि घरभर असा कच्चट वास सुटला की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. भिजलेला दाणा फुटला की त्यातलं एक विकर तेलावर काम सुरू करतं आणि हा वास तयार होतो. वाटताना उकळतं पाणी घातलं तर ते विकर जागीच मरतं. मी हे वाचलं, पण नंतर. दोन लिटर पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, दूध गॅसवर ठेवलं आणि पेपर उघडला.

सोयाबीनचं दूध खोटं उकळतं. गाईचं दूध वर आलं की उकळी आली असं आपण समजतो. हे मात्र उकळायच्या बरंच आधी, ऐंशी अंशांच्या आसपासच, फेसाचा डोंगर करून वर येतं आणि माणसाला फसवतं. ते शेगडीवर सांडलं, बर्नर विझला, ओट्यावरून खाली आलं, मी धावत जाऊन गॅस बंद केला, आणि झालं उकळून असं समजून दोन ग्लास कोमट कोमट पिऊनही टाकलं, का तर प्रथिनं वाया जाऊ नयेत. कच्च्या सोयाबीनमध्ये आपल्या पचनरसाला अडवून धरणारं एक प्रथिन असतं. ते मोडायला फेस खाली बसवून, मंद आचेवर, ढवळत, चांगली दहा-पंधरा मिनिटं खरी उकळी द्यावी लागते. मी ती दिली नव्हती. त्यात सोयाबीनमधल्या काही साखरा आपल्याला पचतच नाहीत, त्या आतड्यातले जंतू खातात आणि गॅस करतात. संध्याकाळपर्यंत माझं पोट लग्नातल्या बँडपथकासारखं वाजायला लागलं.

उरलेल्या दुधात तर मी रागारागाने लिंबाचा रस एकदम ओतला. दूध पूर्ण उकळून, मग जरा निववून, पाण्यात मिसळलेला रस थोडा थोडा घालत हळूच ढवळायचं असतं, आणि वर पिवळसर नितळ पाणी दिसलं की समजायचं, जमलं. पाणी दुधाळ असेल तर अजून रस हवा. माझं पाणीही दुधाळ आणि आतला ऐवजही भुसभुशीत. फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला. तो घरंगळून पायावर पडला.

लंगडत, पोट धरून पानठेल्यावर गेलो. तिथले आमचे मित्र पन्नीत खर्रा घोटत होते. माझा अवतार बघून म्हणाले, "काहून भाऊ, काय झालं?"

"सोयाबीन खाल्लं."

त्यांचा हात थांबला. "अरे बाप्पा! त्याच्यात बायकांचे हार्मोन असतेत. माणसाले छाती येते, भाऊ. पोट्टे-बाट्टे होत नाहीत." आणि खर्ऱ्याची चिमूट गालात सरकवून त्यांनी माझ्या सदऱ्याकडे असं काही पाहिलं की मी सरळ घरी आलो, खोलीचं दार लावलं आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातला टेप काढून छाती मोजली. वाढली होती! पोटही त्याच प्रमाणात वाढलं होतं, पण घाबरलेला माणूस इतकं खाली मोजत नाही.

ही बातमी माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत गेली आणि खरा गोंधळ तिथे झाला. तिचा मुलगा जिममध्ये जातो, पावडरचे डबे परवडत नाहीत म्हणून सोयाबीनच्या वड्या खातो. लग्नाला दोन वर्षं होऊन पाळणा हललेला नाही. बहिणीने त्या दिवशी घरातली वड्यांची पाकिटं उचलून कामवाल्या बाईला देऊन टाकली. भाचा वैतागला. शेवटी मामा म्हणून मीच त्याला अमरावतीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बहीण सोबत आलीच.

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. ते म्हणाले, ही भीती हवेतून आलेली नाही. 1940च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीचं क्लोव्हर गवत चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. त्या गवतात इस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं होती. त्यांच्याच कुळातली द्रव्यं, आयसोफ्लेव्होन, सोयाबीनमध्ये असतात. पण ती इस्ट्रोजेन नव्हेत. शरीरातल्या त्या कुलपाला त्यांची किल्ली फार ढिली बसते. आणि मेंढी दिवसभर दुसरं काही खात नाही.

"माणसांचं काय?" बहिणीने विचारलं.

माणसांचे दाखलेही होते. 2008 साली अमेरिकेतल्या एका साठ वर्षांच्या गृहस्थांची छाती खरंच वाढली होती. ते रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होते, आणि बंद केल्यावर उतरली. त्याच वर्षी बोस्टनच्या वंध्यत्व केंद्रातल्या 99 पुरुषांच्या पाहणीत जास्त सोया खाणाऱ्यांची शुक्राणूंची दाटी कमी दिसली. तीच बातमी जगभर फिरली आणि फिरत फिरत आमच्या पानठेल्यावर आली. पण वाटेत तिचा अर्धा भाग गळाला होता: त्यांतले बरेच जण वजनदार होते, शुक्राणूंची हालचाल आणि आकार यांत फरक नव्हता. पुढे 2015 साली तिथल्याच जोडप्यांच्या अभ्यासात नवऱ्याच्या सोया खाण्याचा टेस्ट-ट्यूब उपचारांच्या यशाशी काही संबंध आढळला नाही. आणि 2021 साली पुरुषांवरच्या 41 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तर सोयाने टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं नाही, इस्ट्रोजेन वाढलेलं नाही.

मग डॉक्टर भाच्याकडे वळले. "खर्रा खाता?"

भाचा छताकडे बघायला लागला. बहीण भाच्याकडे बघायला लागली.

"किती?"

"थोडासाच, सर."

"तो सोडा. मधे ताप येऊन गेला होता का?" डेंग्यू झाला होता. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तापाचा हिशेब तेवढ्या उशिरा दिसतो. म्हणून तपासणी एकदा करून, गरज पडली तर काही महिन्यांनी पुन्हा करायची, आणि दोन्ही वेळा आधी दोन ते सात दिवसांचा संयम पाळायचा, नाहीतर आकडा भलताच येतो. सुनेचीही तपासणी सोबतच व्हायला हवी. वड्यांबद्दल ते एवढंच म्हणाले की मूठभर खा, परातभर नको. मी दचकलो. बायकोने फोन केला होता की काय!

निघताना मी हळूच माझ्या छातीचा विषय काढला. डॉक्टरांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं. "काका, ही चरबी आहे. आणि चरबी स्वतःच पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करत असते. सोयाबीनला कशाला बोल लावता?"

एक गोष्ट मात्र त्यांनी बजावून सांगितली, आणि ती आम्हा दोघांना नव्हती. बहिणीला थायरॉईडची गोळी सुरू आहे. सोयाबीनमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि सोयाचं खाणं तिच्यानंतर काही तासांनीच. इतक्या सगळ्यांत सोयाबीन जपून खावं असा एकच माणूस निघाला, आणि तिनेच ते घराबाहेर काढलं होतं!

भाच्याचा अहवाल चांगला आला. मीही आता टोफू बरा करतो. दोनदा फेस बसवतो, पेपर दुसऱ्या खोलीत ठेवतो. परवा बहिणीकडे त्याचीच कांदा-टमाट्यात परतून भुर्जी केली, वास आला नाही, सून दोनदा वाढून घेत म्हणाली, "मामंजी, मस्त झालं." बहिणीने मात्र डॉक्टरांचं सगळं ऐकून, समजून, मान डोलवूनही मुलाच्या ताटातली भुर्जी उचलली आणि माझ्या ताटात ओतली.

"दादा, तूच खा," ती म्हणाली. "तुले आता काय व्हायचं हाय!"