श्रीयुत स्थिर आकार यांस खुले पत्र

प्रति,
श्रीयुत स्थिर आकार,
मुक्काम वीजबिलाची पहिलीच ओळ



आपण इतकी वर्षं आमच्या बिलात गपगुमान बसून होता. महिन्याला एकदा दिसायचा, युनिटांच्या गर्दीत लपायचा. प्रीपेड मीटर आला आणि आपल्याला रोजची हजेरी लागली. आता पंखा फिरो न फिरो, आपला दिवसाचा रोज ठरलेला. अभिनंदन.

2024 च्या मे महिन्यात आपण बडोद्यात पराक्रम गाजवलात. रिचार्ज टाकला की काही दिवसांत उडतो म्हणून लोक रस्त्यावर आले. मीटर पळतो, अशी ओरड झाली. पळणारा मीटर शोधायला सरकारला जुने चेक मीटर शेजारी बसवायची घोषणा करावी लागली. आणि खुलासा काय निघाला? जुन्या मीटरवरची राहिलेली बाकी हप्त्यांत वाटून रोज कापली जात होती. म्हणजे आपण एकटे नव्हता, सोबत थकबाकीबाईही होत्या.

आता आपली जोडी ईश्वरपुरात उतरली तर काय होईल, हे मी पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिलं. आपला महिन्याचा आकार साधारण 130 रुपये धरू. त्यावर 16 टक्के वीज शुल्क, कारण आपल्यालाही कर लागतो. तीस दिवसांनी भागलं तर रोज पाच रुपये. जुनी बाकी 2,700 रुपये, वसुली 180 दिवसांत, म्हणजे रोज पंधरा. आणि घरातली खरी वीज, बाकी सगळे आकार धरून, रोज चोवीस रुपयांची. माणूस पाचशेचा रिचार्ज करतो आणि मनात हिशेब करतो की वीस-एकवीस दिवस निघतील. निघतात अकरा. कारण रोजचा खर्च चोवीस नाही, चव्वेचाळीस आहे.

खरी गंमत कुलूप लावल्यावर. घर वारीला गेलं, मेन स्विच खाली, फ्रिजसुद्धा रिकामा. वीस दिवसांनी परत यावं तर पाचशेतले चारशे गायब. एक युनिट न जाळता! आमच्याकडे कारखान्याच्या ऊसबिलातून सोसायटीची वसुली आधी कापून उरलेले पैसे हातात येतात. पण तिथं पावतीवर कपात लिहिलेली असते हो. आपण मात्र 'शिल्लक' या एकाच आकड्याच्या पदराआड दोघंही उभे.

म्हणून मीटरला दोष देण्याआधी लोकांनी एवढं करावं: मेन स्विच एक पूर्ण दिवस पाडून ठेवावा, त्या दिवसाच्या कपातीत युनिटाचा रकाना शून्य आहे ना ते पाहावं. शून्य असूनही पैसे गेले, तर तो आपला आणि बाईंचा हात. शून्य नसेल, तर मात्र मीटर किंवा वायरिंग तपासायला हवं.

आता थोडं बाईंविषयी. 'थकबाकी' म्हटलं की आम्ही बुडवे वाटतो. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीत वीज आधी वापरायची आणि बिल मागाहून भरायचं. त्यामुळे मीटर बदलण्याच्या दिवशी वेळेवर बिल भरणारा माणूससुद्धा काही दिवसांच्या विजेचा देणेकरी निघतोच. बरं, आमची सुरक्षा ठेव त्याच वेळी कंपनीकडे पडून असते. विद्युत कायदा 2003 च्या कलम 47(5) प्रमाणे प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडे ठेव मागता येत नाही. मग ती ठेव आधी या बाकीत वळती करा, आणि उरलं तरच हप्ते पाडा. हे बाईंना कोणी शिकवलं नाही वाटतं. शिवाय कलम 56(2) म्हणतं की दोन वर्षांपूर्वीची बाकी सलग बिलात दाखवलेली नसेल, तर वसूल करता येत नाही. रोज पंधरा रुपये खाताना या तारखा बाई कुठं सांगतात?

इकडे आपण अजून पूर्ण जागे नाही, हेही मान्य. 2024 च्या जूनमध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं देवेंद्र फडणवीसांनी जाहीर केलं. पण स्मार्ट मीटर बसताहेतच, बिल तेवढं महिन्याचं. आणि पोस्टपेडचं प्रीपेड करायला मीटर बदलावा लागत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? दुरूनच बटण दाबलं की झालं. म्हणून आधीच लिहितोय. आलात तर रोजच्या मेसेजमध्ये चार ओळी वेगळ्या द्या: वीज किती, आपण किती, बाई किती आणि बाईंचे हप्ते किती उरले.

आपला,
एक पोस्टपेड ग्राहक
उरुण-ईश्वरपूर, ता. वाळवा

ता. क. आपण महिन्याला तीसनेच भागणार असाल, तर वर्ष 365 दिवसांचं. त्या पाच जास्तीच्या दिवसांचे वर्षाला एकवीस-बावीस रुपये, शुल्क वेगळं, कोणाच्या खिशात जातात, ते कळवावे.